एक तन्मणी, दोन किमती

आई गेल्यानंतर तिच्या कपाटातला दागिना तीन भावंडांच्या पुढ्यात आला. आजीकडून आईकडे आलेला तन्मणी. मोत्यांचे तीन पदर, मध्ये खोड म्हणजे खड्यांचं जडाव पदक, मागे कलाबतूचा गोंडा. एकूण वजन साडेतीस ग्रॅम. धाकट्या बहिणीला तो हवा होता, आणि तो घेऊन भावांना त्यांच्या हिश्श्याचे पैसे द्यायची तिची तयारी होती. दोन्ही भावांचीही हरकत नव्हती. प्रश्न एवढाच होता की हिस्सा कशाचा धरायचा? पुण्यातल्या त्यांच्या नेहमीच्या सराफाने तन्मणीची किंमत 47,600 रुपये लिहून दिली होती. थोरल्या भावाने मुंबईतल्या एका नोंदणीकृत मूल्यांककाकडून प्रमाणपत्र आणलं, त्यावर 6,20,000 रुपये होते.

दागिन्यांचं मूल्यांकन हे माझं काम. या प्रकरणात मला तिसरा म्हणून बोलावलं गेलं ते 2023 च्या दिवाळीनंतर. धाकट्या बहिणीने, म्हणजे ताईंनी, फोनवरच आकडे सांगायला सुरुवात केली, तेव्हा मी त्यांना थांबवलं. "ते कागद पाकिटात घालून माझ्याकडे द्या. माझं बघून झाल्यावर उघडू." यात कसलाही नाट्यमय हेतू नव्हता. आधीचा आकडा कानावर पडला की तिसऱ्या माणसाची नजर त्या आकड्याभोवतीच फिरू लागते, आणि माझीही फिरते. तुमच्यावर अशी वेळ आली तर तिसऱ्याकडे जाताना पहिल्या दोघांचे आकडे सांगू नका. फक्त वस्तू द्या आणि किंमत कशासाठी हवी आहे ते सांगा.

तोवर घरात एक तोडगा निघालाच होता. वहिनी म्हणाल्या, "दोन्हींची बेरीज करून अर्धं करा, भांडण नको." ऐकायला हे समजूतदार वाटतं, म्हणूनच त्याचा हिशेब मांडून दाखवतो. दोन्हींची सरासरी येते 3,33,800. त्यातले दोन तृतीयांश, म्हणजे सुमारे 2,22,500 रुपये, ताईंनी भावांना द्यायचे. पुढे कळलं त्याप्रमाणे तो अख्खा तन्मणी बाजारात विकला असता तरी एवढे पैसे आले नसते. सरासरी काढताना आपण असं गृहीत धरतो की दोघांनी एकच गोष्ट मोजली, एकाचं थोडं कमी भरलं आणि दुसऱ्याचं थोडं जास्त. इथे दोघांनी एकच गोष्ट मोजलेलीच नव्हती.

पाकिटं उघडल्यावर मी आकड्यांच्या आधी आकड्यांखालचा मजकूर वाचला. सराफाच्या चिठ्ठीवर होतं, "निव्वळ सोनं 8.5 ग्रॅम, दर 5,600, मोती-खडे धरले नाहीत." तोंडी त्याने सांगितलं होतं की मोती हैदराबादी आहेत, म्हणजे गोड्या पाण्यातले, संवर्धित, माणसाने शिंपल्यात वाढवलेले. खोडाचं एकूण वजन 13.4 ग्रॅम होतं. त्यातून खडे आणि आतली लाख वजा करून त्याने 8.5 काढले होते, आणि तो अंदाज चांगला होता. हा माणूस लबाड नव्हता. दागिना आपल्याकडे मोडीत आला तर आपण काय देऊ, एवढाच त्याचा प्रश्न होता, आणि त्या प्रश्नाचं त्याचं उत्तर प्रामाणिक होतं.

मुंबईच्या प्रमाणपत्रावर लिहिलेलं होतं, "बसरा मोती 318 नग, 78 कॅरेट, दर 5,500 प्रमाणे 4,29,000. खोड, पोलकी व माणिक जडावासह, 1,91,000." आणि वरच्या ओळीत बारीक अक्षरात, "विम्याकरिता, पुनर्खरेदी मूल्य." म्हणजे हा तन्मणी चोरीला गेला आणि तसाच दुसरा पेढीवरून नवा घ्यायचा झाला तर काय खर्च येईल, त्याची ही किंमत. त्यात पेढीचा नफा आला, घडणावळ आली. भावाने काउंटरवर विचारलं होतं, "विम्याला लागतं तसं सर्टिफिकेट द्या," कारण त्याने तेवढाच एक प्रकार ऐकला होता. वाटणीचं नावही तिथे निघालं नव्हतं.

तेव्हा पहिला फरक हेतूचा होता. मोडीचा भाव आणि पुनर्खरेदीचा भाव यांत जुन्या जडावाच्या दागिन्याला दुप्पट-तिप्पट अंतर पडणं नवलाचं नाही, मूल्यांकक दोन्ही वेळा तोच असला तरीही. पण इथलं अंतर तेरा पटींचं होतं. नुसत्या हेतूने एवढं अंतर पडत नाही. खाली दुसरा फरक होता, आणि तो किमतीचा नव्हताच, ओळखीचा होता. एक म्हणतो हैदराबादी, दुसरा म्हणतो बसरा. या दोन भांडणांची गल्लत होऊ देऊ नका, कारण त्यांचे इलाज वेगळे आहेत. मोती कोणता हे सत्य एकच असतं आणि ते तपासता येतं. मोत्याला काय मिळेल हे मत असतं, ते बाजारातच कळतं. आधी पहिलं सोडवायचं, मग दुसऱ्याला हात घालायचा.

बसरा मोती म्हणजे इराणच्या आखातातल्या शिंपल्यांत आपोआप तयार झालेला समुद्री मोती. बसरा बंदराच्या नावावरून ते नाव पडलं. हा माल मुंबईत यायचा, इथेच प्रतवारी व्हायची, इथेच भोकं पाडली जायची, आणि इथून तो जगभर जायचा. जपानी संवर्धित गोल मोती 1920 च्या दशकात बाजारात उतरले, पाठोपाठ जागतिक मंदी आली आणि आखातातला पाणबुड्यांचा धंदा बसला. म्हणून त्याआधी घडवलेल्या मराठी दागिन्यातले मोती नैसर्गिक असण्याची शक्यता मोठी असते. आजीचं लग्न 1920 च्या आधीचं, हे घरातल्या लग्नपत्रिकेवरून कळत होतं. पण हा पुरावा दागिन्याचा आहे, प्रत्येक मोत्याचा नाही. तन्मणी रेशमात ओवलेला असतो. रेशीम कुजतं, तुटतं, पटवेकरी पुन्हा ओवून देतो. शंभर वर्षांत हे चार-पाच वेळा होतं आणि दर वेळी काही मोती गळतात, काही नवे येतात.

पाकिटं उघडण्याआधीच मी भिंग घेऊन बसलो होतो. पुढच्या बाजूला, खोडाजवळचे मोती साईच्या रंगाचे होते. पूर्ण गोल नव्हते, पण झळाळी आतून आल्यासारखी. भोकं इतकी अरुंद की सुईचं टोक अडावं. जुन्या काळी दोन्ही बाजूंनी हाताने भोक पाडत आणि ते मध्ये मिळवत, त्यामुळे ते अरुंद आणि किंचित वाकडं असतं. मग तन्मणी उलटा करून गोंड्याजवळचे मोती पाहिले. इथे रंग पांढरट, आकार तांदळासारखा लांबट, आणि भोकं रुंद, सरळ, यंत्राने पाडलेली. मी पुन्हा पुढे आलो, पुन्हा मागे गेलो. एकाच पदरात दोन वेगळे मोती होते.

ताईंना विचारलं, हा कधी तुटला होता का? त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "माझ्या लग्नात. कार्यालयात जेवणाच्या पंगती बसल्या होत्या आणि आईचा तन्मणी तुटला. मोती पाटांखाली गेले. आम्ही सगळ्या वाकून गोळा करत होतो." 1998 सालची गोष्ट. त्यानंतर आईने तो ओवून आणला होता. थोरल्या भावालाही ते आठवत होतं. ही हकिगत दोघा मूल्यांककांपैकी एकालाही कुणी सांगितली नव्हती, कारण कुणी विचारलं नव्हतं आणि घरच्यांना ते महत्त्वाचं वाटलं नव्हतं. वारशाच्या वस्तूबरोबर तिच्या दुरुस्त्यांची हकिगतही न्यायला हवी, हे मी तेव्हापासून प्रत्येक घराला सांगतो. कधी ओवला, कधी डाग दिला, कुठला खडा कधी बदलला.

सराफाचं आणि मुंबईकरांचं काय झालं असावं याचा अंदाज मला पाकिटं उघडताच आला. सराफाने काउंटरवर दागिना उचलला तो गोंड्याकडून. हातात आले ते लग्नानंतर ओवलेले मोती. मुंबईत तो मखमलीवर पुढून ठेवला गेला, आणि नजर खोडाच्या आजूबाजूला गेली. दोघांनी थोडे मोती पाहिले आणि सगळ्यांना ते लागू केलं. आपण जे पाहिलं ते बरोबर आहे याची दोघांनाही खात्री होती.

पण माझं भिंगसुद्धा पुरावा नाही. घरगुती परीक्षा तर नाहीच. मोती दातावर घासून पाहतात. खरखरीत लागला की खरा, असं म्हणतात. त्या परीक्षेने काचेचा किंवा प्लास्टिकचा मोती वेगळा पडतो, एवढंच. संवर्धित मोत्यावरही खरंच मोत्याचंच आवरण असतं, तोही दाताला खरखरीतच लागतो. नैसर्गिक की संवर्धित हे आतल्या रचनेवरून ठरतं, आणि आत पाहायला क्ष-किरण लागतात.

म्हणून आम्ही मुंबईतल्या रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत जायचं ठरवलं. जाण्याआधी भावंडांनी एका कागदावर सह्या केल्या: अहवाल काहीही आला तरी तिघांना मान्य, खर्च तिघांत सारखा. हा कागद आधी झाला पाहिजे. अहवाल हातात आल्यावर त्यावर एकमत होणं फार अवघड असतं.

खर्चावरून थोडी कुरकुर झाली. शुल्क मोत्यांच्या संख्येवर चढतं, म्हणून मधल्या भावाने सुचवलं की दहा मोती नमुन्याला देऊ. एरवी ती सूचना वाईट नाही. ज्या माळेतले मोती एकाच वेळचे आहेत अशी खात्री आहे तिथे नमुना चालतो. इथे मात्र मिश्रण आहे हे डोळ्यांना दिसत होतं, आणि दहा मोती कुठून उचलले त्यावर उत्तर बदललं असतं. पहिल्या दोघांची चूक आम्ही पैसे देऊन पुन्हा केली असती. सगळे तपासायचे असं ठरलं.

पटवेकऱ्याला घरी बोलावून पदर सोडवला. कापण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढले. मग खाचांच्या तबकात मोती ज्या क्रमाने होते त्याच क्रमाने ठेवले, पहिला पदर, दुसरा, तिसरा, प्रत्येकाचं टोक चिठ्ठीने खुणावून. मोजले, 318 भरले. वजन केलं, 78 कॅरेट. प्रमाणपत्राशी जुळलं. भावंडांसमोर वजन करून, डबी बंद करून त्यावर तिघांच्या सह्या घेतल्या. सुटे मोती घरातून बाहेर पडताना ही काळजी घेतली नाही, तर पुढे एक मोती कमी भरला तरी संशयाला जागा मिळते.

प्रयोगशाळेने दोन गोष्टी पाहिल्या. पहिली, क्ष-किरणांखाली मोती चमकतो का. गोड्या पाण्यातल्या मोत्यात मँगनीज जास्त असतं, त्यामुळे तो क्ष-किरण पडल्यावर उजळतो. समुद्री मोती सहसा काळोखा राहतो. तबकातल्या मोत्यांचा एक भाग उजळला, एक नाही. दुसरी, आतलं चित्र. नैसर्गिक मोत्यात कांद्याच्या पाकळ्यांसारखी, मध्यापासून बाहेर वाढत गेलेली वर्तुळं दिसतात. मणी घालून वाढवलेल्या मोत्यात मण्याची कडा स्पष्ट दिसते. मण्याशिवाय, नुसता मांसल तुकडा घालून वाढवलेल्या गोड्या पाण्यातल्या मोत्यात मध्यभागी वेडीवाकडी पोकळी असते. अहवाल आला: 204 मोती नैसर्गिक, समुद्री, वजन 52 कॅरेट. 114 मोती गोड्या पाण्यातले, संवर्धित, मण्याविना, वजन 26 कॅरेट. मण्याचे एकही नाहीत.

अहवालात "बसरा" हा शब्द नव्हता आणि किंमतही नव्हती. थोरल्या भावाचा हिरमोड झाला. पण प्रयोगशाळेचं काम तिथेच संपतं. तिने ओळखीचं भांडण मिटवलं होतं, आणि आता किमतीचं राहिलं होतं.

नैसर्गिक मोत्यांच्या दरात एक गोष्ट घरच्या माणसांना माहीत नसते. या व्यापारात वजन दुप्पट झालं तर किंमत दुप्पट होत नाही, ढोबळ मानाने चौपट होते, बाकी रंग, झळाळी, आकार सारखे असतील तर. जुन्या मुंबईत किंमत ठरवायला मोत्यांचा "चव" नावाचा आकडा काढत, त्याचा पायाच वजनाच्या वर्गावर आहे. म्हणून 52 कॅरेटचे 204 छोटे मोती आणि 52 कॅरेटचे वीस मोठे मोती यांची किंमत एकमेकांच्या जवळपासही येत नाही. आमचे बहुतेक मोती पाव कॅरेटच्या आसपासचे. व्यापारी ते चाळणीतून चाळून आकाराप्रमाणे ढीग करतो आणि प्रत्येक ढिगाला वेगळा दर लावतो. मुंबईच्या प्रमाणपत्रात सगळ्यांना एकच दर लावलेला होता, तोही चांगल्या मोत्याचा. त्यातच नऊ मोत्यांचा पापुद्रा घामाने आणि अत्तराने सुटत आला होता, त्यांना कुणी काही देणार नव्हतं.

तीन व्यापाऱ्यांकडून आम्ही लेखी ऑफर घेतल्या. प्रत्येकाला अहवाल दाखवला, आधीचे दर दाखवले नाहीत. सर्वांत वरची ऑफर नैसर्गिक मोत्यांना 1,14,000 ची आली. संवर्धित 114 मोत्यांना कुणी वेगळी किंमत लावायला तयार नव्हतं. ते शून्य धरले.

खोडाचं मात्र शेवटपर्यंत पूर्ण समाधान झालं नाही, ते सांगितलं पाहिजे. कुंदनच्या जडावात खडा मागून बंद असतो. खाली वर्ख, त्याखाली लाख. पोलकीचा, म्हणजे पैलू न पाडलेल्या हिऱ्याचा, वरचा आडवा पसारा दिसतो, जाडी दिसत नाही. पापडासारखा पातळ असेल तर वजन कमी, जाड असेल तर जास्त, आणि खोड न मोडता ते कळत नाही. मुंबईकरांनी जाड धरले होते, सराफाने काहीच धरलं नव्हतं, मी मधे कुठेतरी. तिघांचाही अंदाजच. मोडून वजन करता आलं असतं, पण मग खोड उरलं नसतं, आणि ताईंना हवं होतं ते खोडच. म्हणून जुन्या दागिन्यांच्या एका व्यापाऱ्याने खोड न मोडता, जसंच्या तसं घ्यायला जी किंमत दिली, 72,000, तीच धरायची असं तिघांनी ठरवलं.

मोती आणि खोड मिळून 1,86,000. वाटणीसाठी हा आकडा. ताईंनी दोघा भावांना 62,000 प्रमाणे दिले. सरासरीच्या तोडग्याने त्यांना जवळजवळ एक लाख जास्त मोजावे लागले असते. सराफाच्या चिठ्ठीवर विसंबलो असतो तर दोघा भावांना प्रत्येकी सोळा हजारांच्याही आत समजूत घालून घ्यावी लागली असती.

समजा अहवालानंतरही किमतीवर अडलं असतं तर? मी दोन रस्ते सांगून ठेवले होते. एक, तन्मणी विकायचा आणि आलेले पैसे वाटायचे. बाजारापुढे कुणाचं मत उरत नाही. दुसरा, तिघांनी आपापल्या पाकिटात लिहायचं की आपण स्वतः हा किती रुपयांना घेऊ. ज्याचा आकडा वर, त्याने तो दागिना घ्यायचा आणि त्याच आकड्याने इतरांना हिस्सा द्यायचा. दुसरा रस्ता मला जास्त न्याय्य वाटतो, कारण त्यात जीव लावणाऱ्याला त्याची किंमत मोजायची संधी मिळते. एक अट मात्र आहे: तिघांचीही पैसे उभे करायची ऐपत साधारण सारखी असायला हवी. नाहीतर ज्याच्याकडे रोकड तोच दर वेळी जिंकतो.

1,86,000 हा आकडा विम्याला चालणार नव्हता. चोरी झाली तर त्या पैशांत तसा तन्मणी नवा मिळत नाही. म्हणून मुंबईच्या मूल्यांककाकडे अहवाल पाठवला आणि त्यांनी खळखळ न करता प्रमाणपत्र दुरुस्त करून दिलं: 52 कॅरेट मोती 2,86,000, खोड 1,91,000, एकूण 4,77,000. पहिल्या वेळी त्यांनी मूल्याच्या टक्केवारीने फी घेतली होती. त्यांनी आकडा मुद्दाम फुगवला असं मी म्हणत नाही, पण फी आकड्यावर चढत असेल तर तो आकडा पाहणाऱ्याच्या मनात शंका राहतेच. ठरावीक फी घेणारा गाठावा. तसंच जो स्वतः विकत घेऊ इच्छितो त्याच्या किमतीला ऑफर म्हणावं, मूल्यांकन म्हणू नये. सराफाची चिठ्ठी त्या अर्थाने ऑफर होती.

तिसरा एक आकडा ताईंनी सीएच्या सांगण्यावरून करून घेतला, 1 एप्रिल 2001 चा. वारसा मिळाला म्हणून आपल्याकडे कर लागत नाही, पण पुढे कधी विकला तर भांडवली नफ्यावर लागतो. आजीच्या काळचा दागिना असल्याने त्याची खरेदी किंमत म्हणून त्या दिवसाचा बाजारभाव धरता येतो. पुढे वीस वर्षांनी हे शोधणं जड जाईल. आता अहवाल, वजन, फोटो सगळं हाताशी होतं.

पटवेकऱ्याने तन्मणी पुन्हा ओवला तो दोन पदरांचा, फक्त नैसर्गिक मोत्यांचा. पापुद्रा सुटलेले नऊ बाजूला काढले. 114 संवर्धित मोती ताईंनी एका वेगळ्या डबीत, अहवालाच्या प्रतीसह ठेवले आणि डबीवर स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "माझ्या लग्नानंतर आईने ओवून आणलेले."